स्लीप ट्रेनिंगच्या आधी वाढीचा तक्ता काढा

स्लीप ट्रेनिंगच्या पद्धती कितीही वेगळ्या दिसल्या, तरी त्या सगळ्या एकच गोष्ट धरून चालतात: बाळाचं पोट भरलेलं आहे, त्याला काही दुखत-खुपत नाहीये, आणि रात्री ते उठतंय ते फक्त सवयीपायी. झोपेचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना प्रत्येक बाळ थोडं चाळवतं. रोज कुशीत किंवा दूध पीत पीतच झोपायची सवय असेल, तर अर्धवट जाग आल्यावर त्याला पुन्हा तेच हवं असतं. मग काही आईवडील ठराविक मिनिटं थांबून जवळ जातात, काही पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि ती रोज थोडी थोडी लांब सरकवतात. बाळ हळूहळू स्वतःचं स्वतः झोपायला शिकतं.

निरोगी बाळांच्या बाबतीत हे चालतं, आणि त्याने नुकसान होत असल्याचं दिसलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, सात महिन्यांची असताना झोपेचा त्रास असलेल्या ३२६ बाळांची नोंद घेतली होती. २०१२ साली त्याचे पुढचे निष्कर्ष आले. सहा वर्षांची झाल्यावर स्लीप ट्रेनिंग झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या मानसिक आरोग्यात, झोपेत किंवा आईवडिलांशी असलेल्या नात्यात फरक आढळला नाही. त्यामुळे स्लीप ट्रेनिंग म्हणजे क्रूरपणा, या मताची मी नाही. पण हे सगळं पोट भरलेल्या, बऱ्या असलेल्या बाळांबद्दल आहे. बाळ रात्री भुकेने रडत असेल, तर आपण त्याला झोपायला शिकवत नसतो. भूक लागली तरी मागून उपयोग नाही, एवढंच ते शिकतं.

पंचाईत अशी की भुकेचं रडणं आणि सवयीचं रडणं रात्री दोन वाजता कानाला सारखंच लागतं. आईला रडण्यावरून सगळं कळतं असं म्हणतात, पण महिनोन् महिने झोप न झालेल्या आईकडून ही अपेक्षा करणंच चुकीचं आहे. हा फरक दिवसा, कागदावर कळतो. स्लीप ट्रेनिंग न करता थांबायची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारं कारण म्हणजे वजन. ताप दिसतो, घरातली उलथापालथ दिसते. वजन नीट वाढत नसलेलं बाळ मात्र बरेचदा हसरं आणि गोड असतं, आणि रोज बघणाऱ्यांना ते वाळलंय हे कळतच नाही.

तक्त्यावरच्या रेषा काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते २००६ पासून वापरात आहेत. मुलींचा आणि मुलांचा तक्ता वेगळा असतो. त्यावर साधारण पाच वक्र रेषा असतात: ३, १५, ५०, ८५ आणि ९७ पर्सेंटाइलच्या. १५ च्या रेषेवर असणं म्हणजे त्या वयाच्या शंभर निरोगी मुलींपैकी पंधराजणींचं वजन हिच्यापेक्षा कमी आणि बाकीच्यांचं जास्त. यात नापास होण्यासारखं काही नाही. तिसऱ्या रेषेजवळ जन्मलेलं, तिच्याच बाजूने वर चढत राहिलेलं बाळ अगदी ठणठणीत असू शकतं. बाळ कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपली रेषा धरून आहे की खाली घसरतंय, हे बघायचं असतं.

वजन वाढण्याचा वेग वयाप्रमाणे मंदावतो, हेही लक्षात ठेवायला हवं. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांत १५ ते २० ग्रॅम आणि त्यानंतर वर्षापर्यंत दहा-बारा ग्रॅम. त्यामुळे चौथ्या महिन्यात ‘आधीसारखं वाढत नाही’ असं वाटलं तर ते बहुतेक वेळा स्वाभाविकच असतं. जन्मतः बरंच मोठं असलेलं बाळ पहिल्या काही महिन्यांत एखादी रेषा खाली येऊन आईवडिलांच्या अंगकाठीला शोभेल अशा रेषेवर स्थिरावतं, तेही ठीक. एका वजनावरून काहीच ठरवू नये. वेगळा काटा, अंगावरचे कपडे, नुकतंच प्यायलेलं दूध यांनी शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. एकाच काट्यावर, उघड्या अंगाने घेतलेली तीन-चार वजनं मिळाली की चित्र स्पष्ट व्हायला लागतं.

आता एक उदाहरण सविस्तर बघू. समजा, सहा महिन्यांची एक मुलगी आहे. जन्माचं वजन ३.२ किलो. तिसऱ्या महिन्यात ५.९ किलो, म्हणजे मधल्या रेषेच्या किंचित वर. चौथ्यात ६.२. पाचव्यात ६.२५. सहाव्यात ६.३. ती रात्री चार वेळा उठते, आई साडेतीन महिन्यांनंतर कामावर रुजू झाली आहे, आणि घरात सगळ्यांचं एकमत आहे की आता हिला झोपेची शिस्त लावायलाच हवी. वजन कमी झालेलं नाही, दर महिन्याला आकडा थोडा का होईना वाढलाच आहे, त्यामुळे कुणाला काळजीही वाटत नाही.

हेच आकडे तक्त्यावर मांडले की वेगळंच दिसतं. मधल्या रेषेवरची मुलगी तीन ते सहा महिन्यांत ५.८ वरून ७.३ किलोवर जाते, म्हणजे दीड किलो वाढते. अगदी १५ च्या रेषेवरची, लहानखुरी मुलगीसुद्धा ५.१ वरून ६.४ वर जाते, म्हणजे १.३ किलो वाढते. आपली मुलगी याच काळात फक्त ४०० ग्रॅम वाढली. तिसऱ्या महिन्यात मधल्या रेषेच्या वर असलेली मुलगी सहाव्या महिन्यात १५ च्या रेषेच्याही खाली आली. शेवटच्या दोन महिन्यांत तर तिने मिळून शंभर ग्रॅम कमावले. तिथे निदान ९०० अपेक्षित होते.

असं दिसलं की रात्रीच्या झोपेचा विषय बाजूला ठेवायचा आणि दुधाचा हिशेब काढायला घ्यायचा.

चोवीस तासांचा हिशेब

तीन दिवसांची नोंद पुरते. प्रत्येक वेळी दूध कधी प्यायलं, अंगावर की बाटलीने, किती मिनिटं किंवा किती मिली, शू किती वेळा, शी कशी. बाटलीचं मोजणं सोपं आहे. मात्र उरलेलं आणि ओघळलेलं दूध वजा करायला हवं. अंगावरचं दूध मिनिटांवरून मोजता येत नाही. काही बाळं सात मिनिटांत पोटभर पितात, काही अर्धा तास नुसती चोखत पडतात. ते मोजायचं तर पाजण्याआधी आणि पाजून झाल्यावर बाळाचं वजन करायचं. पाच ग्रॅम किंवा त्याहून बारीक फरक दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो. मधे कपडे बदलायचे नाहीत, डायपरसुद्धा नाही, कारण शू झाली तरी तिचं वजन डायपरमध्येच राहायला हवं. जितके ग्रॅम वाढले तितके मिली दूध पोटात गेलं असं समजायचं. एका वेळच्या आकड्याला अर्थ नसतो, कारण एकाच बाळाचे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे दुपटीने वेगळे येऊ शकतात. बेरीज चोवीस तासांची करायची. हा उद्योग रोज करायचा नाही. दोन-तीन दिवस, तोही शक्यतो डॉक्टरांच्या किंवा स्तनपान सल्लागाराच्या सांगण्यावरून. नाहीतर काटाच आईची झोप उडवतो.

आपल्या मुलीचा हिशेब समजा असा निघाला. दिवसा आई नसताना बाटलीने तीन वेळा, दर वेळी जेमतेम ६० मिली. बाटली तिला आवडत नाही. सकाळी आई निघण्यापूर्वी अंगावर ८०, संध्याकाळी आल्यावर ७०. दिवसाचे झाले ३३०. रात्री चार वेळा मिळून ९०, ७०, ६० आणि ५०, म्हणजे २७०. एकूण ६०० मिली, आणि त्यातलं ४५ टक्के रात्रीचं. वरचं खाणं नुकतंच सुरू झालंय, पण ते अजून चाखण्यापुरतं, दोन-चार चमचे.

तुलनेसाठी एक आकडा देते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात फक्त अंगावर पिणाऱ्या, एक ते सहा महिन्यांच्या ७१ बाळांचं दूध असंच वजन करून मोजलं होतं. सरासरी निघाली चोवीस तासांत साधारण ७९० ग्रॅम, आणि त्यातला सुमारे पाचवा हिस्सा रात्रीचा होता. म्हणजे रात्री थोडं दूध पिणं हे अगदी नेहमीचं आहे. आपल्या मुलीचं एकूण दूध कमी आहे आणि रात्रीचा वाटा दुपटीहून जास्त आहे. सवयीपायी उठणाऱ्या बाळाचा हिशेब सहसा उलटा निघतो. दिवसाचे आकडे भरभक्कम असतात, आणि रात्री ते दोन-तीन मिनिटं चोखतं, वीसेक मिली पोटात जातं न जातं तोच झोपतं.

आई दिवसभर घराबाहेर असली की हे बरेचदा घडतं. बाळ दिवसा कसंबसं भागवतं आणि सगळी भरपाई आईजवळ रात्री करतं. चार-पाच महिन्यांच्या वयात भर पडते ती चौकसपणाची. दार वाजलं, कुणी बोललं, पंखा फिरला की मान वळते, दूध सुटतं आणि मग पुन्हा लक्ष लागत नाही. काळोखात, शांततेत मात्र तेच बाळ मन लावून पितं. त्यामुळे आई घरी असलेल्या बाळांचंही असं होतं.

रात्र बंद केली तर काय होईल

आईच्या दुधाच्या १०० मिलीमध्ये साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. ६०० मिलीचे झाले जवळपास ४००. या वयाच्या मुलीला किलोमागे सुमारे ८० कॅलरी लागतात, म्हणजे हिला रोज ५०० हव्यात. आताच शंभर कमी पडतायत. रात्रीचे २७० मिली बंद केले तर उरतील सव्वादोनशेच्या आसपास, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. ‘रात्री बंद केलं की दिवसा आपोआप जास्त पिईल’ असं सर्रास सांगितलं जातं. दिवसा पिण्यात अडचण नसलेल्या बाळांच्या बाबतीत ते खरंही असतं. काही दिवसांत ती आपला कोटा दिवसाकडे सरकवतात. पण हिची अडचण मुळात दिवसाचीच आहे. बाटली नको असलेल्या बाळाला रात्रभर उपाशी ठेवल्याने बाटली आवडायला लागेल, हा भरवसा कशाच्या जोरावर?

शरीर अशा वेळी काय करतं ते समजून घेण्यासारखं आहे. बाळाच्या एकूण ऊर्जेतला वाढीवर खर्च होणारा वाटा पहिल्या महिन्यात जवळपास एक तृतीयांश असतो आणि वर्षाचं होईतो तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. बाकी सगळं हृदय, मेंदू, श्वास, अंगाची ऊब आणि हालचाल यांत जातं. पगार कमी झाला की घरात आधी नवी खरेदी थांबते, भाडं थांबवता येत नाही. तसंच शरीर आधी वाढ थांबवतं. म्हणून दूध कमी पडलेलं बाळ लगेच आजारी दिसत नाही. ते खेळतं, हसतं, फक्त वाढत नाही. त्यानंतरची काटकसर हालचालीतली. बाळ शांत होतं, जास्त वेळ झोपतं. स्लीप ट्रेनिंग चालू असेल तर हाच बदल यश म्हणून साजरा होतो, आणि मला सगळ्यात धोक्याची वाटते ती हीच जागा. कमी वजनाचं बाळ अचानक रात्रभर झोपायला लागलं तर आनंद मानण्याआधी डायपर मोजा. चोवीस तासांत सहाच्या आसपास चांगले ओले, जड डायपर असायला हवेत. ते चारवर आले, शू गडद पिवळी झाली, बाळ उठवल्यावरही मरगळलेलं राहिलं, तर ती झोप नव्हे.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाजूनेही हिशेब बदलतो. दूध जितकं निघतं तितकं तयार होतं. स्तन बराच वेळ भरलेले राहिले की दूध बनण्याचा वेग मंदावतो. काही बायकांच्या स्तनांत एका वेळी भरपूर दूध साठतं, त्यांना सहा-आठ तासांची रजा परवडते. ज्यांची साठवण कमी, त्यांना तेवढंच दूध द्यायला जास्त वेळा पाजावं लागतं. अशा आईने रात्रीच्या चारही वेळा एकदम बंद केल्या तर दोन आठवड्यांत दिवसाचं दूधही उतरू शकतं. मग बाळ दिवसाही जास्त रडतं, आणि ‘दात येत असतील’ म्हणून सोडून दिलं जातं.

डॉक्टर काय शोधतात

दूध कमी पडण्यामागे दर वेळी बाटलीचं नखरेल प्रकरण नसतं. वजन रेषा ओलांडून खाली आलं आणि झोपही तुटक असेल, तर दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. दूध पिताना बाळाला घाम फुटत असेल, धाप लागत असेल, दोन मिनिटांत दमून ते सोडून देत असेल, तर हृदय तपासायला हवं. हे लक्षण घरच्यांना ‘आळशी पिणारं’ बाळ वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते. शीमध्ये रक्ताची रेघ किंवा शेंबडासारखा चिकटपणा, अंगावर एक्झिमा आणि पिताना मागे कमान करून रडणं असेल, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा विचार होतो. नुसती दुधाची गुळणी येणं आणि वजन छान वाढणं यात काळजीचं काही नाही. गुळण्या आणि वजन अडणं एकत्र आलं की मात्र तपासणी हवी. मूत्रमार्गाचा संसर्ग लहान बाळात कधी कधी फक्त वजन न वाढण्यातूनच दिसतो, आणि तो साध्या लघवीच्या तपासणीत सापडतो. थोड्या मोठ्या मुलात रोजचं घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मधेच श्वास अडकल्यासारखा होणं हे सुजलेल्या टॉन्सिल-ॲडेनॉइडचं असू शकतं. तिथे बिछान्याशेजारची खुर्ची कितीही हळू सरकवली तरी काही होणार नाही.

आपल्या मुलीच्या बाबतीत समजा तपासणीत काही निघालं नाही. मग काम दिवसावर. दिवसातल्या पाजण्याच्या वेळा वाढवायच्या, दर दोन-अडीच तासांनी, मंद उजेडाच्या शांत खोलीत. बाटली आईने न देता दुसऱ्याने द्यायची, दूध थोडं जास्त कोमट करून बघायचं, तरी नको असेल तर छोट्या कपाने किंवा चमच्याने. आईने कामाच्या ठिकाणी ठरल्या वेळी दूध काढायचं. वरचं खाणं दूध पाजून झाल्यावर, आणि पातळ पाणीदार न देता घट्ट, थोडं स्निग्ध. रात्रीच्या वेळा होत्या तशाच. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. रोज केलं तर शी-शूचे चढउतारच दिसत राहतात.

भरून निघणारी वाढ सहसा नेहमीपेक्षा वेगाने होते. दिवसाला वीस ग्रॅम धरले तर चार आठवड्यांत साडेपाचशे ग्रॅम, म्हणजे सात महिन्यांची होताना ती ६.८५ च्या आसपास. त्या वयाला १५ ची रेषा ६.७ वर असते. म्हणजे रेषा पुन्हा ओलांडली. या काळात रात्रीचं उठणं आपोआप कमी होताना दिसतं का, याकडे लक्ष ठेवा, कारण दिवसाचे आकडे सुधारले की चारपैकी एक-दोन वेळा बरेचदा स्वतःहून गळतात. निदान महिनाभर वजन वर जाणाऱ्या वाटेवर राहिलं, डॉक्टरांनी होकार दिला, की मग स्लीप ट्रेनिंगचं बोलू. तेव्हाही रात्री झोपायला शिकवणं आणि रात्रीचं दूध तोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. संध्याकाळी पाळण्यात जागं ठेवून स्वतःचं झोपू द्यायचं आणि रात्रीची एक वेळ ठेवायची, असं खुशाल करता येतं. वजन अडलेलं असताना मात्र हा मधला मार्गही मी सुचवणार नाही. ‘हे रडणं दुधाचं, हे नाही’ असा निवाडा रात्री कुणाला तरी करावा लागतो आणि तो चुकण्याची किंमत अशा बाळाला परवडत नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जितके आठवडे आधी जन्मलं तितके वजा करायचे. दोन महिने आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ तक्त्यावर आणि झोपेच्या बाबतीतही चार महिन्यांचंच असतं.

आजारपण

इथे निर्णय सोपा आहे: आजारी बाळाला ट्रेनिंग नाही. चालू असेल तर थांबवायचं, रडलं की उचलायचं, आणि त्याने ‘सगळं वाया गेलं’ असं मनात आणायचं नाही. एकदा शिकलेली बाळं दुसऱ्या वेळी सहसा लवकर रुळतात. कानाच्या संसर्गात आडवं झाल्यावर ठणका वाढतो, त्यामुळे दिवसभर बरं असलेलं बाळ पाळण्यात ठेवताक्षणी किंचाळतं, आणि ते हुबेहूब हट्टासारखं दिसतं. छातीत कफ असलेलं बाळ श्वास आणि दूध दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही. ते थोडं थोडं, पण जास्त वेळा पितं, म्हणजे रात्रीही पिणार. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जात असेल, आठ तास डायपर कोरडा असेल, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर तो रात्रीच्या झोपेचा प्रश्न नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी ट्रेनिंग पुन्हा सुरू करायची घाई अनेकांना होते. आजारात घटलेलं वजन भरून काढायला बाळ त्यानंतर आठवडाभर रात्रीही दूध मागतं, आणि ती मागणी रास्त असते. ताप जाऊन दिवसाचं पिणं तीन-चार दिवस पूर्ववत झालं, आणि वजन आजारापूर्वीच्या आकड्यावर परत आलं की मग बघा. दात येणं किंवा लसीनंतरची एखाद्या रात्रीची किरकिर यासाठी मात्र महिनाभर पुढे ढकलायची गरज नाही. त्या रात्री जवळ घ्यायचं, इतकंच. नाहीतर पहिल्या दोन वर्षांत मोकळा आठवडा सापडायचाच नाही.

घरात सगळं हललेलं असताना

घर बदलणं, नवं भावंड, आईवडिलांचं वेगळं होणं, घरातलं कुणी जाणं, सांभाळणारी व्यक्ती बदलणं. बाळाला यातलं काय कळतं यावर वाद घालता येईल, पण ट्रेनिंग का फसते याचं कारण बरेचदा मोठ्यांमध्ये असतं. या सगळ्या पद्धतींना किमान दोन आठवडे रोज तीच वेळ, तीच खोली, तीच माणसं आणि तोच प्रतिसाद लागतो. तीन रात्री निभावून चौथ्या रात्री चाळीस मिनिटांनी उचललं, तर पुढच्या रात्री बाळ पन्नास मिनिटं रडून बघणार. घरात पाहुण्यांचा राबता आहे, कोण कुठे झोपणार तेच ठरत नाही, अशा वेळी सुरुवात करणं म्हणजे हे घडणारच. आठ-दहा महिन्यांच्या आसपास बाळाला आई नजरेआड झाली की कासावीस व्हायला होतं. त्याच आठवड्यात नवी सांभाळणारी बाई आली असेल, तर आधी दिवसाची ओळख रुळू द्या. बाळ तिच्या हातून नेहमीसारखं खातंय, तिच्या कुशीत दुपारचं झोपतंय असं दिसलं, की रात्रीकडे वळायला हरकत नाही.

एक परिस्थिती मात्र नीट तपासून घ्यायला हवी. आईच खचली असेल, प्रसूतीनंतरच्या नैराश्यात असेल, तर ‘थांबा’ हा सल्ला उलटा पडू शकतो, कारण बाळाची झोप सुधारल्यावर आईची मनःस्थिती सुधारते असंही अभ्यासांत दिसलं आहे. इथे बाळाचं वजन आणि तब्येत ठीक असेल, तर ट्रेनिंग करावी, पण रात्रीचं रडणं दुसऱ्या कुणी सांभाळावं. वजनच अडलेलं असेल, तर रात्रीची वाटणी करावी: काढून ठेवलेलं किंवा पावडरचं दूध घेऊन एका वेळचं काम दुसऱ्याने घ्यायचं आणि आईला सलग चार-पाच तास झोपू द्यायचं. कोणत्याही क्षणी बाळाला इजा होईल इतका राग दाटला, तर त्याला पाठीवर, मोकळ्या पाळण्यात ठेवून खोलीबाहेर जा आणि कुणाला तरी फोन करा. पाच मिनिटं एकट्याने रडल्याने बाळाचं काही बिघडत नाही. आणि पेंगत असताना बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नका. तिथे डोळा लागणं बिछान्यापेक्षाही धोक्याचं असतं.

थांबायचं ठरलं तरी सकाळी उठवायची वेळ ठरलेली ठेवता येते, दिवसा भरपूर उजेड आणि रात्री अंधार ठेवता येतो, अंघोळ-दूध-पाळणा असा क्रम रोज तोच पाळता येतो. यात रडू देणं कुठेच नाही, त्यामुळे वजन अडलेल्या बाळालाही ते चालतं.

आणि पुढे कधी सुरू कराल तेव्हा, सुरुवातीच्या दिवशी वजन करून तारखेसह लिहून ठेवा आणि सात ते दहा दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा करा. सहा महिन्यांपुढच्या बाळात दहा दिवसांत शंभर ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली, डायपर पूर्वीइतकेच ओले असले, तर पुढे चला. वजन जागच्या जागी असेल, तर त्या रात्रीपासून बंद केलेली दुधाची वेळ परत सुरू करा आणि आठवड्याने पुन्हा वजन करा. तेव्हाही काटा हलला नाही, तर तक्ता आणि दुधाची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.